बाटलीचा फोटो काढून हेअर ऑइल कसं तपासायचं? दावा, घटक आणि 100 मिलीचा भाव

हेअर ऑइलच्या बाटलीचा फोटो काढला की फोन दोन सेकंदांत तिचं नाव सांगतो, किंमत सांगतो, खरेदीची लिंकही देतो. पण बाटलीत नक्की काय भरलंय आणि पुढे मोठ्या अक्षरात जे छापलंय त्याच्याशी ते जुळतं का, हे फोन आपणहून सांगत नाही. त्यासाठी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो लागतो, आणि तो वाचायचे दोन-तीन नियम माहीत असावे लागतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे घरातले आणि मित्रमंडळी 'हे घेऊ का रे?' म्हणून बाटल्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत असतात. जवळपास प्रत्येक वेळी फोटो पुढच्या बाजूचा असतो. म्हणून हा लेख एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरण सध्या सगळीकडे दिसणाऱ्या कांद्याच्या तेलाचं घेऊया. शॅम्पूला काय वेगळं लागू होतं ते शेवटी बघू.

फोन बाटली 'ओळखतो' म्हणजे काय करतो?

अँड्रॉइड फोनवर यासाठी सगळ्यात सोपं साधन म्हणजे गूगल लेन्स. गूगल ॲपच्या सर्च पट्टीत कॅमेऱ्याचं चिन्ह असतं, ते दाबायचं, फोटो काढायचा किंवा गॅलरीतला निवडायचा.

लेन्स इथे दोन वेगवेगळी कामं करतं. पहिलं, चित्राची तुलना. बाटलीचा आकार, रंग, लेबलची मांडणी यांचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि त्याच्याशी मिळतेजुळते ठसे असलेले इंटरनेटवरचे फोटो शोधले जातात. दुसरं, लेबलवरची अक्षरं वाचणं. या दोन्हींच्या जोरावर ते 'हीच ती बाटली असावी' असा अंदाज बांधतं.

अंदाज म्हटलं, कारण चूक नेमकी इथेच होते. एकाच कंपनीचं कांद्याचं तेल, कांद्याचा शॅम्पू आणि कांद्याचं सीरम यांची लेबलं मुद्दाम एकसारखी केलेली असतात. 100 मिली आणि 200 मिलीच्या बाटल्या फोटोत सारख्याच दिसतात. वर दुसऱ्या कंपन्याही तोच जांभळा रंग आणि तसंच झाकण वापरतात. त्यामुळे पहिला निकाल आला की लगेच विश्वास ठेवू नका. तीन गोष्टी हातातल्या बाटलीशी ताडून बघा: पूर्ण नाव (तेल की शॅम्पू, कोणता प्रकार), निव्वळ वजन किंवा मिली, आणि बारकोडखालचा 13 आकडी नंबर. वेगवेगळ्या मापाच्या बाटल्यांना वेगवेगळे बारकोड नंबर असतात, त्यामुळे हा नंबर जुळला तर माप चुकण्याची शक्यता उरत नाही. नंबर टाइप करून सर्च केला तरी चालतं.

जाता जाता एक गैरसमज. नंबर 890 ने सुरू झाला म्हणजे वस्तू भारतात बनली, असं नसतं. तो नंबर भारतातल्या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, एवढाच त्याचा अर्थ.

घटकांच्या यादीचा फोटो कसा काढायचा?

मागची अक्षरं बारीक असतात, बाटली गोल असते आणि लेबल चकचकीत असतं. म्हणून हा फोटो सगळ्यात जास्त फसतो.

फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमकी तिथली तीन नावं जातात. खिडकीजवळ उभे राहा, उजेड बाजूने येऊ द्या. फोन बाटलीला चिकटवू नका. एक फूटभर लांब धरून 2x झूम करा, म्हणजे फोकसही नीट बसतो आणि कडेची अक्षरं कमी वाकतात. बाटली गोल असेल तर एकाच फोटोत सगळं मावत नाही. थोडी थोडी फिरवत दोन-तीन फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोतले एक-दोन शब्द पुन्हा येतील असे.

मग लेन्समध्ये फोटो उघडून मजकुरावर बोट दाबून धरा, हवा तेवढा भाग निवडा आणि कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. आयफोनच्या अलीकडच्या मॉडेल्सवर फोटो ॲपमध्येच अक्षरं अशी निवडता येतात.

पेस्ट झालेली यादी एकदा बाटलीशी ताडून घ्या. नेहमीच्या चुका दोन: इंग्रजी छोटा एल आणि मोठा आय यांची अदलाबदल होते, आणि ओळ मोडते तिथे एका नावाची दोन नावं होतात. स्वल्पविराम गायब झाला तर दोन घटक एक होऊन जातात. पुढचं सगळं गणित यादीतल्या क्रमावर चालतं, म्हणून हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

आणि एक. ऑनलाइन दुकानाच्या पानावरची यादी वापरू नका. ती जुन्या बॅचची असू शकते, अर्धवट असू शकते. हातातल्या बाटलीवरची यादीच धरायची.

क्रम आणि एक टक्क्याची रेघ

भारतातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलचा नियम असा आहे: जे घटक 1 टक्क्यापेक्षा जास्त आहेत ते उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे सगळ्यात जास्त असलेला पहिला. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. यादीत एखादा घटक नक्कीच 1 टक्क्यापेक्षा कमी असणारा आहे असं तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्यानंतर आलेला प्रत्येक घटकही 1 टक्का किंवा त्याहून कमीच आहे. यादीत ती एक अदृश्य रेघ असते.

रेघ कशी सापडते? तेलात बहुतेक वेळा BHT असतं. तेल खवट होऊ नये म्हणून ते घालतात आणि ते 1 टक्क्याच्या बरंच खाली असतं. शॅम्पूत Phenoxyethanol हे प्रिझर्वेटिव्ह शोधा, त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का आहे. ही नावं दिसली की त्यांच्या पुढचं सगळं रेघेखालचं समजा. रेघ प्रत्यक्षात याच्याही आधी सुरू झालेली असू शकते, पण याच्यानंतर नक्कीच नाही.

एक बाटली पूर्ण तपासून बघू

ही बाटली मी उदाहरणासाठी रचली आहे, कोणत्याही एका कंपनीची नाही. पण अशा धर्तीची यादी तुम्हाला दुकानात सहज सापडेल. समजा पुढच्या बाजूला कांद्याचं मोठं चित्र आहे, खाली 'कांदा आणि रोझमेरीयुक्त, केसगळती 90% पर्यंत कमी*' असं लिहिलंय. 200 मिली, एमआरपी 399 रुपये. मागे ही यादी:

```
INGREDIENTS: Light Liquid Paraffin,
Helianthus Annuus (Sunflower) Seed Oil,
Isopropyl Myristate,
Ricinus Communis (Castor) Seed Oil,
Perfume, BHT,
Nigella Sativa Seed Oil,
Allium Cepa (Onion) Bulb Extract,
Rosmarinus Officinalis (Rosemary) Leaf Oil,
Tocopheryl Acetate
```

पहिलं नाव Light Liquid Paraffin. हे खनिज तेल, पेट्रोलियमपासून शुद्ध करून काढलेलं. Mineral Oil आणि Paraffinum Liquidum ही याच घराण्यातली नावं आहेत, त्यामुळे नाव बदललं तरी गोंधळू नका. ते विषारी वगैरे नाही. स्वस्त असतं, खवट होत नाही, केसांवर पातळ थर देतं आणि चिकटही वाटत नाही. फक्त, बाटलीत सगळ्यात जास्त तेच आहे.

दुसरं सूर्यफुलाचं तेल. तिसरं Isopropyl Myristate, तेल हलकं आणि कमी चिकट वाटावं म्हणून घालतात. चौथं एरंडेल. मग सुगंध. मग BHT, म्हणजे आपली रेघ.

आता रेघेखाली बघा. पुढच्या बाजूला ज्याचं चित्र आहे तो कांदा BHT च्याही नंतर आलाय. म्हणजे तो जास्तीत जास्त 1 टक्का. 200 मिलीच्या बाटलीत फार तर 2 मिलीच्या आसपास, अर्ध्या चहाच्या चमच्याहून कमी. रोझमेरीचंही तेच. प्रत्यक्षात ते याहून खूप कमी असू शकतं. यादी फक्त वरची मर्यादा सांगते, नेमका आकडा नाही.

कांदा की कलौंजी?

यादीत Nigella Sativa दिसलं का? ती कलौंजी. आपल्याकडे पुष्कळ जण कलौंजीलाच कांद्याचं बी म्हणतात, पण तिचा कांद्याशी काही संबंध नाही. ती वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे. कांद्याचं शास्त्रीय नाव Allium Cepa. काही बाटल्यांवर पुढे 'अनियन सीड' किंवा 'अनियन ब्लॅक सीड' असं असतं आणि मागे फक्त Nigella Sativa. म्हणजे त्या बाटलीत कांदा नाहीच, कलौंजी आहे. म्हणून चित्रावर जाऊ नका, लॅटिन नाव कॉपी करा आणि तेच सर्च करा. लॅटिन नावाला दुसरा अर्थ नसतो.

कांद्याचा बोलबाला कुठून झाला, तेही सांगतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास याबाबत वारंवार दाखवला जातो. त्यात चाई पडलेल्या, म्हणजे डोक्यावर गोल टक्कल पडलेल्या रुग्णांना कच्च्या कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावला होता आणि बऱ्याच जणांचे केस परत आले. पण तो कच्चा रस होता, तेलातला 1 टक्क्याच्या आतला अर्क नव्हता. आणि चाई हा आजारच वेगळा आहे. विंचरताना रोज जे केस गळतात त्याच्याबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. शिवाय चाईत केस कधी कधी आपोआपही परत येतात.

ताऱ्याच्या मागे जा

आता '90% पर्यंत*' कडे वळू. त्या छोट्या ताऱ्याची ओळ बाटलीवर कुठेतरी, बहुधा सगळ्यात बारीक अक्षरात असते. झूम करून तिचाही फोटो काढा. 'तुटण्यामुळे होणारी केसगळती' असे शब्द दिसले तर अर्थ पूर्ण बदलतो. केस मधून तुटणं आणि मुळासकट गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल लावल्यावर केस कमी गुंततात, विंचरताना कमी तुटतात, हे कोणतंही बरं तेल करतं. मुळातून गळणारा केस त्याने थांबतोच असं नाही. घरी ओळखायची खूण सोपी आहे: गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून आलाय, नसेल तर तुटलाय.

कशाशी तुलना केली, हेही बघा. 'नुसत्या पाण्याने धुतलेल्या केसांच्या तुलनेत' आणि 'दुसऱ्या तेलाच्या तुलनेत' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'पर्यंत' या शब्दाकडेही लक्ष द्या. 90 पर्यंत म्हणजे 10 सुद्धा आलेच.

चेष्टा करायची म्हणून हे सांगत नाहीये. तेलांमध्ये खरा फरक असतो. 2003 मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना प्रसिद्ध केली. केसांतलं प्रोटीन कमी होणं फक्त खोबरेलाने लक्षणीय रोखलं, कारण ते केसाच्या आत शिरू शकतं. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायचा. पण मुद्दा असा की अभ्यासातलं तेल यादीत पहिल्या नंबरावर होतं, रेघेखाली नव्हतं.

आता भाव काढा

399 रुपयांना 200 मिली, म्हणजे 100 मिलीला 199 रुपये 50 पैसे. समजा शेजारी एक साधं 'बदाम' तेल आहे, 300 मिली, 210 रुपये, म्हणजे 100 मिलीला 70 रुपये. त्याची यादी उघडली तर पहिली दोन नावं तीच: खनिज तेल आणि सूर्यफूल. (बदामही बहुतेक वेळा रेघेजवळच सापडतो, तेही बघून घ्या.) मग 200 मिलीमागे साधारण 259 रुपये जास्त कशाचे? जास्तीत जास्त 2-2 मिली कलौंजी, कांदा, रोझमेरी, शिवाय सुगंध, बाटली आणि जाहिरात. वास आवडतो, हलकं वाटतं, म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. कांद्यासाठी म्हणून घेऊ नका.

गणित करायचा कंटाळा आला तर एमआरपीजवळ 'USP' किंवा 'Unit Sale Price' शोधा. एका मिलीचा भाव तिथे छापलेला असतो. फक्त तो एमआरपीवरून काढलेला असतो, सवलतीच्या किमतीवरून नाही.

लेन्समध्ये दिसणाऱ्या किमतींची तुलना करताना माप आणि नग तपासा. 100 मिलीची किंमत 200 मिलीच्या फोटोखाली किंवा दोन बाटल्यांची किंमत एकाच्या फोटोखाली दिसणं नेहमीचं आहे. जुने स्क्रीनशॉटही वापरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून हेअर ऑइल आणि शॅम्पूवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीच्या किमतींशी तुलना चुकते.

हा नियम कुठे चालत नाही?

दोन प्रकारच्या बाटल्या वेगळ्या वाचाव्या लागतात.

पहिली, 'आयुर्वेदिक औषध' म्हणून परवाना घेतलेलं तेल. त्यावर 'Each 100 ml contains' सारखी ओळ आणि प्रत्येक वनस्पतीपुढे प्रमाण लिहिलेलं असतं. इथे उतरता क्रम नसतो. शेवटी एखाद्या तेलापुढे 'q.s.' असं दिसेल. त्याचा अर्थ 'लागेल तितकं', म्हणजे बाकीची सगळी बाटली त्याने भरलीय. यादीत शेवटचं आलं म्हणून ते कमी आहे असं समजलात तर सगळं उलटं वाचाल. इथे q.s. च्या बाजूचं तेल कोणतं, हेच आधी बघायचं.

दुसरी, साधं खोबरेल. त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर आणि हिरवा ठिपका असेल तर ते खाद्यतेल म्हणून विकलं जातंय. तिथे यादी एकाच नावाची असते आणि तुलना फक्त भावाची उरते.

आणि 60 मिलीपेक्षा छोट्या द्रव पॅकना यादी छापण्यातून सूट आहे. म्हणून शॅम्पूच्या पुडीवर यादी नसेल तर त्याच प्रकाराच्या मोठ्या बाटलीचा फोटो मिळवा.

शॅम्पूला काय लागू होतं?

पद्धत तीच, रेघ शोधायचीही. फरक एवढाच की पहिलं नाव पाणी असतं, मग फेस आणणारे घटक. Sodium Laureth Sulfate दिसलं आणि पुढे 'सल्फेट फ्री' लिहिलं असेल तर दावा सरळ खोटा पडतो. शिवाय शॅम्पू मिनिटभरात धुऊन जातो. त्यामुळे त्यात रेघेखालचा कांदा असून नसल्यासारखाच.

फोटोतून काय कळत नाही?

नेमकी टक्केवारी कळत नाही, तेलाचा दर्जा कळत नाही, आणि बाटली नकली आहे का हेही खात्रीने कळत नाही. नकली बाटलीवर अस्सल लेबल आणि अस्सल बारकोड छापणं अवघड नसतं. तुमच्या केसगळतीचं कारणही बाटलीवर सापडणार नाही. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड, ताप किंवा बाळंतपणानंतरचे महिने, अशी कारणं पुष्कळ असतात. दोन-तीन महिने मुठीने केस येत असतील किंवा चाई पडली असेल, तर पुढचे 399 रुपये बाटलीऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे खर्च करा.

बाकी रोजच्या खरेदीसाठी तीन फोटो पुरतात: पुढची बाजू, मागची यादी आणि एमआरपीचा कोपरा. पुढच्या वेळी मित्राला 'हे घेऊ का?' विचारताना तिन्ही पाठवा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल.